हजारानंतरचा स्वल्पविराम

मोरिवलीच्या एमआयडीसीत मित्राचा छोटा कारखाना आहे. त्याने मशीनच्या कोटेशनची एक्सेल शीट अकाउंट्सच्या काकांना पाठवली. मित्राच्या पीसीवर 12,45,000 दिसणारी रक्कम काकांकडे 1,245,000 दिसली आणि त्यांनी ती सवयीने एक लाख चोवीस हजार पाचशे वाचली! ॲडव्हान्सचा चेक लिहिताना चूक सापडली, म्हणून बरं.

फाइल एकच, मग आकडे दोन कसे? याचं उत्तर इतिहासात आहे.

आपल्याकडे हजारानंतर दर दोन अंकांनी नवं नाव येतं: लाख, कोटी, अब्ज. नाव बदलतं तिथे स्वल्पविराम. इंग्रजीत मात्र नाव दर तीन अंकांनी बदलतं. 1989 च्या सी भाषेच्या प्रमाणात गटांसाठी एक आकडा नव्हे, तर आकड्यांची यादी ठेवलेली होती. "आधी 3, मग 2, पुढे तेच" असं तिथे सांगता येत होतं. 1997 च्या जावा 1.1 मधल्या `DecimalFormat` ने मात्र एकच आकडा ठेवला. त्याला `#,##,##0` दिलं तरी तो फक्त शेवटचा गट मोजतो आणि सगळीकडे तीन-तीन पाडतो. आजही!

एक्सेलची तऱ्हा तिसरीच. `#,##0` मधला स्वल्पविराम म्हणजे फक्त "गट पाडा" एवढा हुकूम. किती अंकांचे, ते विंडोजच्या रीजनल सेटिंगमधून येतं. म्हणजे लाख-कोटीची माहिती फाइलमध्ये नसतेच, ती पीसीमध्ये असते. मित्राचा पीसी भारतीय सेटिंगवर होता, काकांचा अमेरिकन.

फाइलबरोबर नियम पाठवायचा तर कस्टम फॉरमॅट लिहावा लागतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

`\` मुळे पुढचा स्वल्पविराम हुकूम न राहता साधं अक्षर होतो आणि आपण ठेवू तिथेच बसतो. 1245000 एक कोटीपेक्षा कमी, पण लाखापेक्षा जास्त. म्हणून दुसरा भाग लागतो: उजवीकडून 000, मग 45, मग 12. लाखाच्या आतल्या रकमेत एकच स्वल्पविराम असतो आणि तो दोन्ही पद्धतींत सारखाच, म्हणून तिसरा भाग नेहमीचा.

मेख एकच. एक्सेल अटी दोनच घेतो, बाकी सगळं तिसऱ्या भागात जातं. म्हणजे तोट्याच्या रकमासुद्धा! सेलमध्ये -1245000 टाकून बघा. अमेरिकन सेटिंगवर -1,245,000 दिसेल. ऋण रकमांसाठी कंडिशनल फॉरमॅटिंगने वेगळा नियम लावावा लागतो.

मित्राने शीट दुरुस्त केली. काका मात्र आता रक्कम अक्षरी लिहिल्याशिवाय चेकला हात लावत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.