पूर्णविरामावर अडलेला फॉर्म

नवघर रोडवरच्या एका छोट्या कार्यालयासाठी मी पत्ते नोंदवायचा फॉर्म करून दिला होता. महिनाभर तो सुरळीत चालला. मग एका दुपारी फोन आला की स्क्रीन हलतच नाही. एरर एकही नव्हती, फक्त सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला होता. कारण सापडायला संध्याकाळ झाली: कोणीतरी पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता. पत्ता तपासणारा रेजेक्स आणि तो पत्ता असे होते:

```
^([A-Za-z]+ ?)*$
Navghar Road Bhayandar East Thane Maharashtra.
```

रेजेक्सचा अर्थ साधा आहे. अक्षरांचा एक गट, मागे हवी तर एक मोकळी जागा, आणि असे कितीही गट. इंजिन एकेक शब्द गट म्हणून घेत शेवटपर्यंत जाते आणि पूर्णविरामाशी अडते. आपण तिथेच 'चूक' म्हणून मोकळे होऊ. इंजिन मात्र मागे फिरते. शेवटचा शब्द `Maharashtr` आणि `a` असे दोन गट असतील तर? `Maharash` आणि `tra` असतील तर? `Navghar` मध्ये सात अक्षरे आणि सहा फटी. प्रत्येक फटीत तोडायचे किंवा नाही, म्हणजे 64 तऱ्हा. `Maharashtra`च्या 1,024. सहाही शब्दांच्या तऱ्हांचा गुणाकार 1,700 कोटींच्या वर जातो, आणि त्यातली एकही पूर्णविराम ओलांडत नाही. शब्दात एक अक्षर वाढले की काम दुप्पट. पूर्णविराम नसेल तर पहिल्याच प्रयत्नात जुळते, म्हणून आमच्या चाचणीत हे कधी दिसलेच नाही.

या दुखण्याची कुळकथा मला फार महत्त्वाची वाटते, कारण औषध आधी आले आणि रोग मागाहून. 'कितीही वेळा' सांगणारी ती चांदणी गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची. चेतापेशींच्या जाळ्यांवरचा त्यांचा अभ्यास 1951चा, छापून आला 1956 साली. बेल लॅब्समधल्या केन थॉम्प्सन यांनी 1968 साली त्यावरून मजकूर शोधण्याची रीत छापली. त्यांच्या रीतीत मागे फिरणे नाहीच. जितक्या शक्यता जिवंत असतील तितक्या सगळ्या एकदम हातात धरायच्या आणि मजकुराचे एकेक अक्षर पुढे सरकायचे. एकाच ठिकाणी पोचलेल्या दोन वाटा एकच धरायच्या. आमचा पत्ता या रीतीने क्षणात नापास झाला असता.

पण थॉम्प्सन यांनीच युनिक्सच्या `ed` संपादकात आणि त्यातून निघालेल्या `grep`मध्ये साधे मागे फिरणे वापरले. त्यात गैर काही नव्हते. तिथे चांदणी एकट्या अक्षरावर किंवा चिन्हावरच बसे, अख्ख्या गटावर नाही. गटात चांदणी आणि गटावर पुन्हा चांदणी असे लिहायची सोयच नसल्यामुळे हा दुपटीचा भडका उडत नसे.

1986 साली हेन्री स्पेन्सर यांनी कोणालाही वापरता येईल अशी रेजेक्सची लायब्ररी नव्याने लिहून मोकळी केली. तीत गट होते, गटांवर चांदणी होती, आणि आतली रीत मागे फिरण्याची. माझ्या मते दुखणे इथे जन्मले: भाषा वाढली, रीत जुनीच राहिली. 1988च्या पर्ल 2ने ती लायब्ररी घेतली. पुढे पर्लची चाल पीसीआरई, पायथन, जावा यांच्यात उतरली. मागे फिरणे टिकण्याला एक खरे कारणही होते. आधी जुळलेला तुकडा पुढे तसाच पुन्हा आला का, हे `\1` लिहून विचारता येते, आणि ते थॉम्प्सनच्या रीतीत बसत नाही.

2007 साली रस कॉक्स यांनी जुनी रीत पुन्हा पुढे आणली आणि 2010 साली गूगलचे आरई2 मोकळे झाले. तरी 2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअरच्या एका नव्या नियमातला `.*.*=.*` या घडणीचा रेजेक्स त्यांच्या जगभरच्या यंत्रांचे सीपीयू खाऊन बसला आणि असंख्य संकेतस्थळे 27 मिनिटे अडली. तिथे गटावर गट नव्हता. शेजारी शेजारी बसलेल्या दोन `.*` तोच मजकूर आपसात वाटून घेत राहिल्या. काम दुपटीने नाही, वर्गाच्या पटीत वाढले, पण तेवढ्या रहदारीवर तेही पुरले.

आमच्या फॉर्मचा उपाय एका ओळीचा होता:

```
^[A-Za-z]+( [A-Za-z]+)*$
```

आता दोन गटांमध्ये मोकळी जागा असलीच पाहिजे, म्हणून `Navghar` तोडायची एकच तऱ्हा उरते. पूर्णविराम आला की लगेच नकार. तुमच्या कोडमध्ये कंसाच्या आत `+` किंवा `*` आणि कंसाबाहेर पुन्हा तेच दिसले, तर एक लांब मजकूर घ्या, शेवटी न चालणारे एक चिन्ह लावा आणि घड्याळ बघा. मग पाच अक्षरे वाढवा. वेळ तीसेक पट झाला, तर तो रेजेक्स आजच बदला.