पावसानंतर सुरू न होणारी मोटारसायकल

पावसानंतर सुरू न होणारी मोटारसायकल : जोराच्या पावसात भिजलेल्या गाडीची किक नेहमीसारखी खाली जाते, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, असा बिघाड. प्रस्तुत नोंद कार्बोरेटर असलेल्या एक सिलिंडरच्या गाड्यांपुरती, म्हणजे जुनी स्प्लेंडर आणि तिच्या जातकुळीतल्या गाड्यांपुरती आहे. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानक लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर धावतात आणि मृगाचा पहिला जोर ओसरला की गॅरेजासमोर रांगेत उभ्या राहतात.

सर्वप्रथम किक हाताने दाबून पाहावी. ती मध्येच टणक लागून अडत असेल, तर हा बिघाड नव्हे. गाडी पुराच्या पाण्यात बुडून सिलिंडरात पाणी शिरलेले असण्याची शक्यता असते. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी जोर लावला किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकली, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर काढावे. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये.

किक मोकळी असेल, तर पाच-सहा किका मारून थांबावे आणि प्लग काढावा. घाम फुटेस्तोवर किका मारत राहणे हा आपल्याकडचा रूढ उपचार असला तरी त्याने फक्त सिलिंडरात पेट्रोल साचत जाते. प्लगच्या टोकावरून बिघाड कोणत्या बाजूला आहे ते कळते. टोक पेट्रोलने ओले असेल आणि वास येत असेल, तर इंधन पोचते आहे, ठिणगी पडत नाही. टोक कोरडे ठणठणीत असेल, तर पेट्रोलच येत नाही. त्यावर पाण्याचे थेंब दिसले, तर पाणी बहुधा कार्बोरेटरातून आले आहे.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग पुन्हा कॅपमध्ये बसवतात, त्याचे धातूचे अंग सिलिंडर हेडच्या रंग नसलेल्या भागाला घट्ट टेकवतात आणि चावी चालू ठेवून किक मारतात. टोकाशी निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, मलूल ठिणगी जमेस धरू नये. प्लग कॅपच्या रबराला धरावा, धातूला नाही, कारण इथला दाब हजारो व्होल्टचा असतो. प्लगच्या भोकातून किकेसरशी पेट्रोलची वाफ उडते, म्हणून चाचणी त्या भोकापासून दूर करावी. प्लग अधांतरी लोंबकळत ठेवून किका मारू नयेत. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय यांवर ताण येतो.

ठिणगी नसेल, तर पहिला संशयित प्लगकॅप. स्प्लेंडरच्या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो आणि प्लग पुढच्या चाकामागेच येतो. चाकाने उडवलेले पाणी थेट त्याच्यावर बसते. कॅपचे रबर जुने होऊन चिरले की पाणी आत झिरपते आणि प्लगच्या चिनी मातीवर ओलसर, मळकट थर धरते. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा या थरावरून हेडकडे घसरणे विजेला सोपे जाते. अंधारात किक मारली, तर कॅपभोवती निळसर रेघा वळवळताना दिसतात. उपाय साधा आहे. कॅप आणि प्लग कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसावेत. पुष्कळ गाड्यांत कॅप वायरीच्या टोकावर स्क्रूसारखी बसलेली असते; ती फिरवून काढावी, वायरीचे हिरवे पडलेले टोक अर्धा सेंटिमीटर कापावे आणि कॅप परत फिरवून बसवावी. चिरलेली कॅप मात्र पुसून भागत नाही, बदलावी लागते.

कॅप कोरडी करूनही ठिणगी आली नाही, तर मोर्चा वायरिंगकडे वळवावा. इथे एक गोष्ट ठाऊक असली तर निम्मे काम वाचते. मॅग्नेटच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या सीडीआयमध्ये चावी बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. चावी बंद केली की सीडीआयची एक तार चासीला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे चावीच्या कुलपात किंवा किल स्विचमध्ये पाणी साचले, तर ते पाणीच गाडी ‘बंद’ करून ठेवते. चावी चालू असली तरी सीडीआयला ते कळत नाही.

समजा, रात्रभर पागोळीखाली उभ्या असलेल्या अशा एका गाडीचा प्लग पेट्रोलने ओला निघाला, कॅप पुसली, तरी ठिणगी शून्य. बाजूचे झाकण काढून सीडीआय शोधला आणि त्याच्याकडे जाणारी बंद करण्याची तार, होंडा पद्धतीच्या गाड्यांत बहुधा काळी आणि तिच्यावर पांढरी रेघ, कपलरपाशी सोडवली. आता ठिणगी आली, तर सीडीआय, कॉइल आणि मॅग्नेट तिन्ही निर्दोष ठरले आणि दोष कुलपात, स्विचमध्ये किंवा हेडलाइटमागच्या कपलरांच्या जुडग्यात उरला. तिथे पाणी हवेने उडवून द्यावे, पिनांवरची हिरवी बुरशी खरवडावी, ओल हाकलणारा स्प्रे मारावा. तार सुटी ठेवून गाडी चालवू नये: चावीने इंजिन बंदच होणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या नंतरच्या डीसी सीडीआयला ही युक्ती लागू नाही. तिथे सीडीआयपर्यंत बॅटरीची वीज पोचते का हे टेस्ट लॅम्पने आधी पाहतात.

कार्बोरेटरवर आळ सर्वात आधी येतो, पण केवळ वरून पडलेल्या पावसाने त्यात पाणी क्वचितच जाते. जाते ते बहुधा टाकीच्या झाकणातून. झाकणाभोवतीच्या खोबणीतले पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की पाणी साचते आणि कडक झालेल्या रबरावरून टाकीत उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या आणि मग फ्लोटच्या वाटीच्या तळाशी बसते, नेमके मुख्य जेटच्या तोंडाशी. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली वेगळा थर धरतात.

हे तपासायला कार्बोरेटर उघडावा लागत नाही. इंजिन थंड असताना कॉक बंद करून, वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू एक-दीड फेरा सैल करावा आणि नळीतून येणारे पेट्रोल काचेच्या बाटलीत धरावे. तळाशी डुलणारे थेंब किंवा स्पष्ट थर दिसला, तर पाणी आहे. स्क्रू आवळून कॉक चालू करावा, वाटी भरू द्यावी आणि पुन्हा काढून पाहावे. दुसऱ्यांदाही पाणी आले, तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. रिझर्व्हचे तोंड तळाशी असल्याने अशी गाडी मेनवर चालते आणि रिझर्व्हवर टाकताच गचके खाते, ही एक जाणकार खूण. निचऱ्यातून काहीच आले नाही आणि प्लगही कोरडा असेल, तर आधी टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र पाहावे; तेही चिखलाने बुजते.

दोष सापडल्यावरही साचलेले पेट्रोल काढावे लागते. कॉक बंद, चोक बंद, रेस पूर्ण उघडी, प्लग बाहेर काढून हेडला टेकवलेला आणि चावी बंद ठेवून सात-आठ किका माराव्यात. मग प्लग पुसून आधी बोटांनी फिरवून बसवावा आणि शेवटीच पाना लावावा, कारण हेडचे ॲल्युमिनियमचे आटे आडवे गेले, तर पावसाने केले नसेल तेवढे नुकसान पाना करतो. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झाला असेल, तर तोही बदलावा. तो भिजलेला असताना गाडी सुरू झाली तरी काळा धूर ओकते आणि थोड्याच वेळात पुन्हा प्लग ओला करते.