कमाल एक्सॉर (बायनरी ट्राय पद्धत)

दिलेल्या ॲरेतील कोणत्या दोन संख्यांचा एक्सॉर सर्वांत मोठा येतो, हे प्रत्येक जोडी न तपासता शोधण्याची रीत. २ लाख संख्यांच्या जोड्या सुमारे २,००० कोटी होतात, त्यामुळे सगळ्या तपासणे परवडत नाही. संख्या ३१ बिटांच्या असतील, तर ट्राय बांधायला ६२ लाख पावले लागतात आणि शोधायला पुन्हा तेवढीच.

एक्सॉरमध्ये दोन बिट वेगळे असले की १ मिळतो, सारखे असले की ०. सारी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: वरच्या एका बिटाची किंमत खालच्या सगळ्या बिटांच्या बेरजेपेक्षा १ ने जास्त असते (१६ विरुद्ध ८+४+२+१ = १५). म्हणून वर १ मिळत असेल तर तो घ्यावाच. खाली काहीही गमावले तरी नुकसान होत नाही. हाच शोध खालच्या बिटापासून सुरू केला तर ही हमी उरत नाही.

प्रत्येक संख्या सर्वांत वरच्या बिटापासून ट्रायमध्ये घालतात. प्रत्येक नोडला ० आणि १ अशा जास्तीत जास्त दोन फांद्या. मग प्रत्येक संख्या घेऊन मुळापासून उतरताना तिच्या बिटाच्या उलट फांदी धरतात. ती नसेल तर आहे त्या फांदीने पुढे जातात.

```python
def best(x):
    node, r = root, 0
    for k in range(30, -1, -1):
        b = (x >> k) & 1
        if node[1 - b] is not None:
            node = node[1 - b]
            r |= 1 << k
        else:
            node = node[b]
    return r
```

उदाहरणार्थ ७ (00111), १३ (01101), २० (10100) आणि २२ (10110). २२ घेऊन उतरू. पहिला बिट १, म्हणून ० ची फांदी हवी. तिथे ७ आणि १३ आहेत. दुसरा बिट ०, हवा १. आता एकटा १३ उरतो. तिसऱ्या बिटाला ० हवा होता, पण १३ कडे १ आहे, म्हणून ४ हुकतात. उरलेले दोन्ही बिट वेगळे निघतात. एकूण १६+८+२+१ = २७, आणि हेच उत्तर. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या, २२ व ७, यांचा एक्सॉर फक्त १७ येतो. संख्यांतील अंतर पाहून जोडी निवडता येत नाही, ते यामुळेच.

सर्वांत जास्त घात होतो तो लांबीत. वरच्या उदाहरणात १३ पाच बिटांऐवजी 1101 असा चारच बिटांत घातला, तर त्याचा ८ चा बिट २२ च्या १६ च्या बिटासमोर येतो आणि पुढची प्रत्येक तुलना चुकते. अशा वेळी ॲरेतल्या कोणत्याच जोडीचा नसलेला एक्सॉर उत्तर म्हणून येऊ शकतो. लहान ॲरेवर सगळ्या जोड्या तपासून ताळा घेतला की हे उघड होते. सर्व संख्या एकाच लांबीच्या, पुढे शून्ये देऊन घालाव्यात.

या रीतीची किंमत जागेत मोजावी लागते: २ लाख संख्यांना ६२ लाखांपर्यंत नोड. वरचे नोड अनेक संख्यांत सामाईक असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी भरतो.