स्लॅबसाठी रेडीमिक्स काँक्रीट किती मागवावे?

घराचा स्लॅब टाकताना रेडीमिक्स काँक्रीटची मागणी घनमीटरमध्ये नोंदवावी लागते. नकाशावरून काढलेला आकडा जसाच्या तसा प्लांटला कळवला, तर शेवटी स्लॅबचा एखादा कोपरा रिकामा राहण्याची शक्यता असते. काँक्रीट सेंट्रिंगच्या प्रत्यक्ष आकारात भरते आणि त्यातले थोडे पंपाच्या पाइपमध्येही अडकते.

उदाहरणासाठी ईश्वरपुरातल्या एका बंगल्याचा ४० × २५ फुटांचा स्लॅब घेऊ. जाडी ५ इंच. १,००० चौरस फुटांना ५ इंच म्हणजे सुमारे ४१७ घनफूट. स्लॅबखाली उतरणाऱ्या बीमचा भाग ९ इंच रुंद आणि १३ इंच खोल आहे व सर्व बीमची लांबी मिळून १७० फूट आहे. त्याचे १३८ घनफूट होतात. एकूण ५५५ घनफूट. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, त्यामुळे नकाशाप्रमाणे १५.७ घनमीटर लागतील. (गवंडी ब्रासमध्ये बोलतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे लक्षात ठेवावे, नाहीतर फोनवर घोटाळा होतो.) सळईने व्यापलेली जागा फार थोडी असते, ती वजा करत नाहीत. छज्जे त्याच दिवशी भरायचे असतील, तर ते मात्र मोजायला विसरू नये.

आता सेंट्रिंग. प्लेटा कुठे वर, कुठे खाली असतात आणि भार आल्यावर टेकूही थोडे दबतात. म्हणून ठेकेदाराने तयार पातळीला दोरी ताणून प्लेटपर्यंतची खोली निदान १२ ठिकाणी मोजावी. सरासरी सव्वापाच इंच आली, तर पाव इंचाचा फरक हजार चौरस फुटांवर २१ घनफूट, म्हणजे ०.६ घनमीटर होतो. एखाद्या जागी फरक इंचभर असेल, तर जास्त काँक्रीट मागवणे हा उपाय नव्हे. एका इंचाने दर चौरस फुटावर साडेपाच किलोंहून जास्त वजन वाढते. तिथला टेकू उचलून घ्यावा.

पंपाच्या ५ इंची पाइपमध्ये दर १० मीटरला ०.१२ घनमीटर काँक्रीट मावते. तीस मीटर पाइप, हॉपरमधला तळ आणि सांडलवंड धरून अर्धा घनमीटर जादा धरणे वाजवी आहे. पंप सुरू करताना सोडलेली सिमेंटची पातळ राळ स्लॅबमध्ये पडू देऊ नये, ती बाजूला काढावी. एकूण बेरीज १६.८, म्हणजे १७ घनमीटर. नकाशाच्या आकड्यापेक्षा सुमारे आठ टक्के जास्त. पण हे प्रमाण सगळ्या स्लॅबना लागू होत नाही. लांब पाइप आणि लहान स्लॅब असेल, तर वाढ जास्त लागते.

तरीही १७ चा आकडा आधीच पक्का करू नये. सहा-सहा घनमीटरच्या दोन गाड्या नक्की सांगाव्यात आणि तिसरीचे प्रमाण फोनवर कळवू, असे प्लांटशी आधी ठरवावे. दुसरी गाडी रिकामी होत आली की टेप धरून उरलेली जागा मोजायची. समजा १२ × २५ फुटांचा पट्टा आणि ५० फूट बीम उरले. सव्वापाच इंच जाडीने हे १७२ घनफूट, म्हणजे ४.९ घनमीटर होते. पाइप आधीच भरलेली आहे, त्यामुळे तिचे पुन्हा धरायचे नाही. पाच सांगितले, तर हिशेब काटेकोर उतरायला हवा. साडेपाच सांगणे बरे. उरलेल्या अर्ध्या घनमीटरसाठी चेंबरच्या झाकणांचे साचे आधी तयार ठेवता येतात, कमी पडल्यास मात्र चौथी खेप मागवावी लागते.

फोन केव्हा करायचा हे रस्त्यावर ठरते. ऊसतोडीच्या हंगामात ईश्वरपूर परिसरातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा असतात, तेव्हा गाडीला वेळ लागतो. म्हणून मोजमाप दुसरी गाडी निम्मी असतानाच सुरू करावे. रेडीमिक्स साधारणपणे पाणी मिसळल्यापासून दोन तासांत उतरवायचे असते, त्यामुळे तिसरी गाडी आधी बोलावून दारात उभी ठेवणेही योग्य नाही.

गाडीत खरेच सहा घनमीटर आहे का, हा संशय वजनकाट्यावर फिटतो. साध्या काँक्रीटचे १ घनमीटर सुमारे २,४०० किलो भरते, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरक १४.४ टनांच्या आसपास यावा. रिकामे वजन कागदावरचे न घेता त्याच गाडीचे करावे.

इतके करूनही माल संपला आणि पुढची गाडी तासाभरात येणार नसेल, तर काँक्रीट उतरते पसरून ठेवू नये. दोन बीमच्या मधल्या एक तृतीयांश भागात आडवी फळी उभी करून तिथे सरळ कडा घ्यावी आणि अभियंत्याला कळवावे. जुन्या-नव्या थराचा असा ठरवून केलेला सांधा पुढे खरवडून, धुऊन जोडता येतो. बीमच्या कडेला आपोआप पडलेला उतरता सांधा पावसाळ्यात गळतो.