ज्या ॲपमध्ये डार्क थीम नाही, त्याला ती जबरदस्तीने कशी लावायची? आणि मग काय बिघडतं?

बऱ्याच ॲप्समध्ये अजूनही डार्क थीम नसते. अँड्रॉइड १० पासून यावर एक सोय आहे: फोर्स डार्क. पण डेव्हलपर ऑप्शन्समधलं Override force-dark हे बटण सगळ्याच ॲप्सना एकदम लागू होतं. आपल्याला एक-दोन ॲप्सपुरतंच हवं असेल, तर मी DarQ वापरतो.

कसं करायचं?

१. फोनची डार्क थीम चालू ठेवा. त्याशिवाय फोर्स डार्क काम करत नाही.
२. Shizuku इन्स्टॉल करा आणि वायरलेस डीबगिंगने सुरू करा (अँड्रॉइड ११ किंवा पुढचं). फोन रूट करायची गरज नाही.
३. DarQ मध्ये हवं ते ॲप निवडा. मग ते ॲप रीसेंट्समधून काढून पुन्हा उघडा.

फोन रीस्टार्ट झाला की Shizuku पुन्हा सुरू करावं लागतं. एरवी DarQ पडद्यामागे जे करतं, ते कॉम्प्युटरवरून करायचं तर असं:

```
adb shell setprop debug.hwui.force_dark true
```

एवढं करूनही ॲप पांढरंच राहिलं, तर बहुधा डेव्हलपरने फोर्स डार्कला स्पष्ट नकार दिलेला असतो. तिथे या सेटिंगचा उपयोग नाही.

बिघडतं का?

सिस्टीमला ॲपचं डिझाइन कळत नाही. स्क्रीनवर काय काढलं जातंय ते बघून ती अंदाज बांधते: फिकी पार्श्वभूमी गडद करायची, गडद अक्षरं फिकी करायची. रंगीत फोटो ती सहसा तसेच सोडते. त्यामुळे पारदर्शक पार्श्वभूमीवरचा गडद निळा लोगो आता काळ्यावर निळा होतो आणि जवळपास दिसेनासा होतो. ॲपच्या आत उघडलेलं वेबपेज कधी कधी पांढरंच राहतं, कारण ते रंगवणारी यंत्रणा वेगळी असते.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे क्यूआर कोड. एका बस तिकिटाच्या ॲपवर मी हे लावलं होतं. तिकीट छान काळं दिसत होतं, पण क्यूआर उलटा झाला होता: काळ्यावर पांढरे चौकोन. कंडक्टरच्या मशीनने तो वाचलाच नाही, कारण काही स्कॅनर उलटा क्यूआर ओळखत नाहीत. माझ्यामागे रांग खोळंबली. स्क्रीनशॉट काढून उपयोग नव्हता, तोही तसाच उलटा येतो. शेवटी फोनची डार्क थीम बंद केली, ॲप पुन्हा उघडलं, मग तिकीट स्कॅन झालं.

म्हणून काही विचित्र दिसलं की आधी ही चाचणी करा: DarQ मधून ते ॲप काढा, रीसेंट्समधून बंद करून पुन्हा उघडा. सगळं नीट दिसलं तर दोष फोर्स डार्कचा, ॲपचा नाही. आणि तिकीट, पेमेंट किंवा पास दाखवायचे ॲप्स या यादीत टाकूच नका. वाचायचे ॲप्स टाका. तिथे एखादा लोगो हरवला तरी काही अडत नाही.