भेंडीवरचा केवडा आणि पांढरी माशी

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या ‘केवडा’ रोगाची पहिली नोंद १९२४ मध्ये मुंबई प्रांतात झाली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणुजन्य असल्याचे दाखवले. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळूनही लागण होत नाही. शेतात हा रोग पसरवते ती पांढरी माशी. तिने शोषलेला विषाणू आतड्यातून शरीरद्रवात, तेथून लाळग्रंथीत पोहोचतो आणि लाळेबरोबर पुढच्या रोपात उतरतो.

विषाणू रोपाच्या पेशींतच वाढत असल्याने लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. लागण जितकी लवकर, तितके नुकसान अधिक. म्हणून कोवळ्या रोपांपासून माशी दूर ठेवणे आणि तिला विषाणू पुरवणारी रोगट झाडे उपटणे महत्त्वाचे ठरले.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ ही रोगाला दाद न देणारी जात दिली. परंतु कालांतराने तीही रोगाला बळी पडू लागली. नुसती फवारणी वाढवूनही भागत नाही: माशी कीटकनाशक पचवू लागते आणि तिला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. परिणामी माशी वाढते आणि तिच्यासोबत केवडाही.