मध्ययुगीन कैरोतील वक्फ

वक्फ म्हणजे इस्लामी विधिशास्त्रानुसार एखाद्या धर्मादाय कार्यासाठी कायमची राखून ठेवलेली मालमत्ता होय. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ थांबवणे, रोखून धरणे असा आहे. वक्फ केलेली मालमत्ता विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही व तिला वारसाहक्क लागू होत नाही. तिचे उत्पन्न मात्र ठरवून दिलेल्या कार्यावर खर्च होत राहते. मामलुक काळात (१२५०–१५१७) कैरो शहरातील मदरसे, रुग्णालये व ग्रंथसंग्रह प्रामुख्याने अशा उत्पन्नावर चालत. सुलतान कलावून याने स्थापन केलेले मन्सूरी रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

स्वरूप

वक्फ करणारी व्यक्ती (वाकिफ) साक्षीदारांसमक्ष दानपत्र करीत असे. कोणती मालमत्ता दिली, तिचे उत्पन्न कोणत्या क्रमाने खर्चायचे, कोणास किती वेतन द्यायचे आणि व्यवस्था कोणी पाहायची, हे सर्व त्यात नमूद असे. व्यवस्थापकास नाझिर किंवा मुतवल्ली म्हणत व त्याच्यावर काझीची देखरेख असे. उत्पन्नातून प्रथम मालमत्तेची दुरुस्ती करावी व उरलेल्यातून इतर खर्च भागवावा, असा सर्वसाधारण नियम होता. इमारत पडली तर भाडे थांबते आणि भाडे थांबले तर कार्यच बंद पडते, हे त्यामागील कारण होय.

अमीरांनी वक्फ करण्यामागे धर्मभावनेबरोबर व्यावहारिक हेतूही असे. सुलतानाची मर्जी फिरल्यास अमीराची संपत्ती जप्त होण्याचा धोका असे. वक्फ मालमत्तेला त्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळे आणि वंशजांना नाझिर नेमून त्यांच्या निर्वाहाची सोयही करता येई.

मन्सूरी रुग्णालय

कलावून हा अमीर असताना दमास्कस येथे आजारी पडला व तेथील नूरी रुग्णालयातील औषधांनी बरा झाला. राज्य मिळाल्यास असेच रुग्णालय बांधण्याचा नवस त्याने तेव्हा केला, अशी हकीकत इतिहासकार मक्रीझी याने दिली आहे. १२८४–८५ मध्ये कैरोच्या मध्यभागी रुग्णालय, मदरसा आणि सुलतानाची कबर असलेला घुमट असा संकुल उभा राहिला. त्याच्या खर्चासाठी दुकाने, हमामखाने यांसारख्या भाड्याच्या मिळकती वक्फ करण्यात आल्या. मक्रीझीच्या मते हे उत्पन्न वर्षाला सुमारे १० लाख दिरहम होते.

गरीब व श्रीमंत, स्त्री व पुरुष, स्थानिक व परगावचे अशा रुग्णांवर येथे विनामूल्य उपचार होत. ज्वर, नेत्ररोग, शस्त्रक्रिया व अतिसार यांसाठी स्वतंत्र कक्ष होते. स्त्रियांची व्यवस्था वेगळी होती. खाटा, गाद्या, औषधे, अन्न तसेच उन्हाळ्यातील पंखे यांचा खर्च वक्फातून होई. मृत रुग्णाचे कफन व दफनही त्यातच येई.

शिक्षण व ग्रंथसंग्रह

संकुलातील मदरशात धर्मशास्त्राचे, तर रुग्णालयात वैद्यकाचे अध्यापन होत असे. अनाथ मुलांसाठी कुराणशाळा होती. घुमटाच्या वास्तूत ग्रंथसंग्रह होता. प्रसिद्ध वैद्य इब्न अल-नफीस (मृत्यू १२८८) याने आपले घर व ग्रंथ या रुग्णालयास दिले. संस्थापकाच्या देणगीत इतरांना अशी भर घालता येत असे.

मर्यादा व ऱ्हास

या संस्थेवर आरंभापासून टीका झाली. जुना राजवाडा मालकिणीकडून दबावाने घेतला गेला व बांधकामावर वेठबिगार लावण्यात आली, असे आरोप मक्रीझीने नोंदवले आहेत. अन्यायाने मिळवलेली जागा वक्फ करता येत नाही, असे विधिशास्त्र मानते. त्यामुळे काही धर्मशास्त्रज्ञांनी तेथील नमाजाबद्दलही शंका घेतली.

दुसरी मर्यादा उत्पन्नाची होती. दानपत्रातील अटी कायमच्या असत, पण भाडे शहराच्या भरभराटीवर अवलंबून असे. १३४८ च्या प्लेगनंतर कैरोची लोकसंख्या घटली व अनेक वक्फांचे उत्पन्न रोडावले. मिळकतीची दुरवस्था, थकलेली वेतने व रिकामी पदे ही वक्फ खालावल्याची लक्षणे असत.

तिसरा धोका ‘इस्तिबदाल’ या तरतुदीतून उद्भवला. निरुपयोगी झालेली वक्फ मालमत्ता दुसरीशी बदलून घेण्याची मुभा हनफी विधिशास्त्रात होती. १५ व्या शतकाच्या आरंभी अमीर जमालुद्दीन याने तिचा गैरवापर केला. हवी असलेली इमारत शेजाऱ्यांना व वाटसरूंना धोकादायक आहे, अशी साक्ष दोन साक्षीदारांकडून देववून तो काझीकडून बदलाची परवानगी मिळवी, असे मक्रीझी सांगतो. मालमत्ता संकटात सापडू नये म्हणून ठेवलेली सवलतच अशा रीतीने ती गिळंकृत करण्याचे साधन ठरली.

मन्सूरी रुग्णालय मात्र मामलुक सत्तेच्या अस्तानंतरही चालू राहिले. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य कैरोत आले तेव्हा ते मोडकळीस आले होते, तरी तेथे काही रुग्ण होते.